सरकारी कार्यालयाकडे अडकलेल्या बिलाचं पत्र : कसं सुधारू?

रॅकवाला | ८ फेब्रुवारी २०२५

मंडळी, आमचं स्टीलच्या रॅकचं छोटं वर्कशॉप आहे. ऑगस्टमध्ये एका सरकारी विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडून ५० रॅकचा पुरवठा आदेश मिळाला. माल सप्टेंबरमध्ये पोचवला, बिलं दिली, पण अजून एक रुपया आलेला नाही. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकायला मिळतं. आता लेखी पत्र द्यायचं ठरवलंय. मसुदा खाली देतोय. जमेल तेवढा झोडा, पण दुरुस्त करून द्या.

> विषय : थकीत बिलाबाबत तीव्र नाराजी.
>
> महोदय, आम्ही गेल्या वर्षी आपल्या कार्यालयास उत्तम दर्जाचे रॅक पुरवले. त्यानंतर वारंवार चकरा मारूनही आपल्या कर्मचाऱ्यांच्या उदासीनतेमुळे आमचे सुमारे साडेपाच लाख रुपये अडकून पडले आहेत. कामगारांचे पगार, बँकेचे हप्ते व जीएसटी आम्ही स्वतःच्या खिशातून भरत आहोत. लघुउद्योजकांची अशी गळचेपी होत असेल तर उद्योग कसे चालवायचे? तरी आमची रक्कम तात्काळ अदा करावी, अन्यथा आम्हाला वरिष्ठांकडे व न्यायालयात दाद मागावी लागेल, याची नोंद घ्यावी.

घाईत_गणपा | ८ फेब्रुवारी

पत्रबित्र सोडा. एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वकिलाची नोटीस पाठवा आणि विलंबित देयकांच्या सुविधा परिषदेकडे तक्रार टाका.

शाईपेन | ८ फेब्रुवारी

मराठी चांगलं आहे, फक्त "प्रोसेस" वगैरे पत्रात घालू नका. शेवटी "कळावे, लोभ असावा" हवं.

जुनी_फाईल | ८ फेब्रुवारी

लोभ राहू दे, शाईपेन. तो असूनही बिलं निघत नाहीत.

रॅकवाला, माझी सगळी नोकरी लेखा शाखेत गेली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगते. हे पत्र आवक शाखेत पडेल, शिक्का बसेल आणि साहेब त्यावर "कृपया तपासून सादर करा" लिहून खाली पाठवतील. ते माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर येईल. मी ते वाचून करायचं काय? आदेश क्रमांक नाही, बिल क्रमांक नाही, माल कुणी उतरवून घेतला ते नाही. "सुमारे साडेपाच लाख" या शब्दांवरून मला तुमची फाईल कपाटातून काढता येत नाही. मग मी "पुरवठादाराचे पत्र प्राप्त, कार्यवाही सुरू आहे" असं छापील उत्तर देणार. शिवाय तुम्ही माझ्यावर उदासीनतेचा ठपका ठेवलाय, म्हणजे आधी मी स्वतःचा खुलासा लिहीत बसणार.

पत्र असं हवं की टिपणी लिहिणाऱ्याने ते समोर ठेवून जसंच्या तसं उतरवावं. त्यासाठी मला माहिती द्या : आदेश कुणी काढला, माल कुठे उतरला, किती चलनं, किती बिलं, बिलांवर आवक शिक्का आहे का. आणि बिल अडण्याचं कारण कुणी तोंडी का होईना सांगितलंय का?

टोनरवाली | ८ फेब्रुवारी

माझंही अगदी हेच! जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून प्रिंटरचे टोनर दिले, माल घेतला, पण माल स्वीकारल्याचं सीआरएसी प्रमाणपत्र काढतच नाहीत. तुम्ही सीआरएसीची तारीख टाका पत्रात, त्यावरूनच पेमेंटचे दिवस मोजतात.

रॅकवाला | ९ फेब्रुवारी

टोनरवाली, आमचा आदेश जेमवरचा नाही, कागदी आहे.

जुनी_फाईलताई, कागद काढून बसलो. आदेश जिल्हा कार्यालयाचा, दि. १२ ऑगस्ट २०२४. मुदत ६० दिवस. माल मात्र त्यांच्या अखत्यारीतल्या एका प्रशिक्षण संस्थेत उतरवायचा होता. पहिले ३० रॅक ९ सप्टेंबरला गेले, उरलेले २० रॅक २३ सप्टेंबरला. दर ९,४०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. प्रत्येक खेपेचं वेगळं बिल. दोन्ही बिलं २४ सप्टेंबरला जिल्हा कार्यालयात दिली, आवक शिक्का आहे.

दुसऱ्या खेपेतले २ रॅक वाहतुकीत दबले होते. संस्थेच्या भांडारपालांनी २५ सप्टेंबरला चलनाच्या मागे "२ नग दबलेले, बदलून द्यावेत" असं लिहून सही केली. ते आम्ही ७ ऑक्टोबरला बदलून दिले. त्या चलनावरही सही आहे, शिक्का नाही.

कारण कुणी स्पष्ट सांगत नाही. एकदा लेखा शाखेत कुणीतरी म्हणालं होतं, "तुमचा आकडा जुळत नाही." मला वाटलं जीएसटीबद्दल असेल.

जुनी_फाईल | ९ फेब्रुवारी

हे आधी सांगायचं! आकडा जीएसटीचा नाही, नगांचा आहे. पैजेवर सांगते, संस्थेच्या साठा नोंदवहीत ३० आणि १८ लागलेत. बदलून दिलेल्या २ नगांचं चलन भांडारपालांच्या खणात असेल, वहीत चढलेलं नसेल. संस्थेने जिल्हा कार्यालयाला साठा नोंद प्रमाणपत्र पाठवलं असेल तर ते ४८ नगांचं. तुमची बिलं ५० ची. लेखा शाखा ४८ च्या दाखल्यावर ५० चं बिल पास करणार नाही, आणि करूही नये. ७ ऑक्टोबरला काय झालं हे जिल्हा कार्यालयात कुणाला ठाऊकच नाही, कारण ते कागद तिथे गेलेच नाहीत.

आता आदेशातली देयकाची अट शब्दशः इथे लिहा. पहिल्या ३० नगांबद्दल वाद नाही, त्यामुळे ते बिल वेगळं काढून घेता येतं का ते बघू.

रॅकवाला | ९ फेब्रुवारी

अट क्र. ७ : "संपूर्ण पुरवठा समाधानकारकरीत्या प्राप्त झाल्यानंतर व साठा नोंद प्रमाणपत्र सादर केल्यानंतर अनुदानाच्या उपलब्धतेनुसार देयक अदा करण्यात येईल."

आणि ताई, तुमचं बरोबर निघालं. संस्थेत जाऊन आलो. वहीत ३० आणि १८ आहे. भांडारपाल बदलून गेलेत, नवीन मॅडम म्हणाल्या, "मला लेखी द्या, मग बघते."

जुनी_फाईल | ९ फेब्रुवारी

"संपूर्ण पुरवठा" लिहिलंय, म्हणजे ३० नगांचं वेगळं मागू नका, ते नाकारायला सोपं आहे. तुमची खरी मागणी पैशाची नाहीच, निदान आज नाही. २ नगांची साठा नोंद आणि ५० नगांचं सुधारित प्रमाणपत्र, ही पहिली मागणी. पैसे त्याच्या मागून येतात. म्हणून पत्रं दोन. संस्थाप्रमुखांना छोटं, जिल्हा कार्यालयाला मोठं, आणि दोन्हींची प्रत एकमेकांना. नाहीतर संस्था म्हणेल कार्यालयाने मागितलं नाही, कार्यालय म्हणेल संस्थेने पाठवलं नाही.

घाईत_गणपा | १० फेब्रुवारी

पण ४५ दिवस कधीच उलटलेत ना? व्याज का सोडायचं?

ताळेबंद | १० फेब्रुवारी

मी सीए आहे. गणपा, कायदा तुम्ही बरोबर सांगताय, पण दोन गोष्टी राहिल्या. पहिली, कलम १५ आणि १६ चं संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमांना नाही, आणि उद्यम नोंदणी आदेशाच्या आधीची असलेली बरी. शिवाय निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांची उद्यम नोंदणी होते ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी, त्यावर विलंबित देयकाचा दावा टिकवणं अवघड. टोनरवाली, हे तुमच्यासाठी. रॅकवाला स्वतः बनवतात, त्यामुळे त्यांचं ठीक आहे.

दुसरी, दिवस कुठून मोजायचे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली तर पुरवठादाराने ती दूर केली तो दिवस स्वीकृतीचा धरतात. चलनामागचा तो शेरा म्हणजे लेखी हरकत. म्हणून निदान दुसऱ्या खेपेसाठी २३ सप्टेंबर नाही, ७ ऑक्टोबर धरा. तिथून ४५ दिवस म्हणजे २१ नोव्हेंबर २०२४. "अनुदानाच्या उपलब्धतेनुसार" ही अट असली तरी लेखी कराराने ४५ दिवसांपुढे जाता येत नाही.

रॅकवाला, उद्यम नोंदणी कधीची?

रॅकवाला | १० फेब्रुवारी

२०२१ ची, लघु नाही, सूक्ष्म.

आणि एक शंका. पत्रात रक्कम कोणती लिहायची? ते टीडीएस कापणार ना?

ताळेबंद | १० फेब्रुवारी

बिलाची पूर्ण रक्कम लिहा. कराराचं मूल्य कर वगळून अडीच लाखांच्या वर असलं की सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं, तेही कर वगळून असलेल्या रकमेवर. तुमच्या ४,७०,००० वर ९,४०० होतात. ते तुमच्या जीएसटीच्या रोख खात्यात दिसतील, बुडणार नाहीत. पत्रात "नियमानुसार कपात वजा जाता" एवढं पुरे. स्वतः वजाबाकी करून रक्कम मागितली की तिसराच आकडा तयार होतो.

जुनी_फाईल | १० फेब्रुवारी

तिसरा आकडा म्हणजे पुन्हा "जुळत नाही".

आता पत्र. भाषा आमच्या साच्यातलीच ठेवली आहे मुद्दाम, म्हणजे उतरवून घेणाऱ्याला त्रास नको.

> प्रति,
> मा. जिल्हा अधिकारी तथा आहरण व संवितरण अधिकारी,
> (कार्यालयाचे नाव व पत्ता)
>
> विषय : ५० स्टील रॅकच्या पुरवठ्याची देयके रु. ५,५४,६००/- अदा करणेबाबत.
>
> संदर्भ :
> १) आपला पुरवठा आदेश क्र. ……, दि. १२/०८/२०२४
> २) आमची देयके सादर केल्याचे पत्र, आपला आवक क्र. ……, दि. २४/०९/२०२४
> ३) आमचे संस्थाप्रमुखांना पत्र, दि. …/०२/२०२५ (प्रत सोबत)
>
> महोदय,
>
> संदर्भ क्र. १ अन्वये ५० स्टील रॅकचा पुरवठा आपल्या अधिनस्त संस्थेस करण्यात आला. तपशील असा :
>
> चलन क्र. ……, दि. ०९/०९/२०२४ अन्वये ३० नग. देयक क्र. ……, दि. ०९/०९/२०२४, रु. ३,३२,७६०/-
>
> चलन क्र. ……, दि. २३/०९/२०२४ अन्वये २० नग. देयक क्र. ……, दि. २३/०९/२०२४, रु. २,२१,८४०/-
>
> दुसऱ्या खेपेतील २ नग दबलेले असल्याने भांडारपालांनी दि. २५/०९/२०२४ रोजी बदलून देण्यास लेखी कळविले. ते चलन क्र. ……, दि. ०७/१०/२०२४ अन्वये विनामूल्य बदलून दिले असून त्यासाठी वेगळे देयक नाही. अशा रीतीने ३० + १८ + २ = ५० नगांचा पुरवठा आदेशातील मुदतीत, म्हणजे दि. ११/१०/२०२४ पूर्वी पूर्ण झाला आहे.
>
> बदलून दिलेल्या २ नगांची साठा नोंद प्रलंबित असल्याचे संस्थेकडून समजले. सदर नोंद घेऊन ५० नगांचे प्रमाणपत्र आपणाकडे पाठविण्याची विनंती संस्थाप्रमुखांना केली आहे.
>
> तरी विनंती की,
> अ) सदर प्रमाणपत्र संस्थेकडून मागवून घेण्यात यावे.
> ब) आदेशातील अट क्र. ७ नुसार दोन्ही देयके, नियमानुसार कपात वजा जाता, अदा करण्यात यावीत.
> क) देयकांबाबत अन्य काही त्रुटी असल्यास लेखी कळविण्यात यावे, म्हणजे त्वरित पूर्तता करता येईल.
>
> आपला विश्वासू,
> (सही, शिक्का, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी क्रमांक)
>
> सहपत्रे : आदेश, तिन्ही चलने (दि. २३/०९ च्या चलनाच्या मागील शेऱ्यासह), दोन्ही देयके, आवक शिक्क्याची प्रत, रद्द केलेला धनादेश.
>
> प्रत : संस्थाप्रमुख यांना माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी.

"क" सोडू नका. आमच्याकडे त्रुटी तोंडी सांगायची सवय असते, कारण तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी बदलता येतं. लेखी विचारलं की जी असेल ती एकदाच काढावी लागते. आणि बदलून दिलेल्या नगांचं "वेगळे देयक नाही" हे वाक्य पाहिजेच. नाहीतर कुणीतरी तीन चलनांची बेरीज ५२ करेल आणि २ नग जास्त कसे आले, हा नवाच प्रश्न उभा राहील.

शाईपेन | १० फेब्रुवारी

"अशा रीतीने" ऐवजी "यानुसार" चालेल का? आणि सगळ्या तारखांत महिना अंकात आहे, तो अक्षरी लिहिला तर वाचायला बरं.

जुनी_फाईल | १० फेब्रुवारी

"यानुसार" चालेल. तारखा अंकातच राहू द्या, नोंदवहीत तशाच असतात.

घाईत_गणपा | १० फेब्रुवारी

पत्र झकास आहे ताई, पण एकदम गरीब गाय झालंय. व्याजाचा एक शब्द नाही. त्यांना कळायला नको का, की आपल्याला कायदा माहीत आहे?

जुनी_फाईल | १० फेब्रुवारी

व्याज लिहिलं त्या दिवशी फाईल लेखा शाखेतून उठते आणि "अभिप्रायार्थ" वर जाते. व्याज द्यायचा अधिकार जिल्हा अधिकाऱ्याकडे नाही, त्यासाठी तरतूदही नाही. मग मूळ बिलसुद्धा त्या अभिप्रायाची वाट बघत बसतं. आधी मुद्दल घ्या. फेब्रुवारी चालू आहे. ३१ मार्चला न खर्चलेलं अनुदान व्यपगत होतं, मग पुढच्या वर्षी मागची देणी म्हणून नव्याने मागणी करावी लागते.

ताळेबंद | १० फेब्रुवारी

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. रक्कम मागू नका, पण एक वाक्य असावं : "सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार देय दिनांक २१/११/२०२४ उलटून गेला आहे." उद्या सुविधा परिषदेकडे जायची वेळ आली तर आपण हे सुरुवातीपासून मांडलं होतं, एवढं दिसतं. आणि काहीही झालं तरी "व्याजाची मागणी नाही" असं चुकूनही लिहून देऊ नका, बिल निघताना तसं लिहून मागितलं तरी.

जुनी_फाईल | १० फेब्रुवारी

ते वाक्य दुसऱ्या पत्रात घाला, स्मरणपत्रात. पहिल्याच पत्रात कलमं दिसली की माणूस सावध होतो, आणि सावध झालेला कारकून सही करत नाही, विचारतो.

ताळेबंद | १० फेब्रुवारी

आपलं यावर एकमत व्हायचं नाही, ताई. उद्यम क्रमांक सहीखाली आहे, माझ्यापुरतं तेवढ्यावर भागवतो.

रॅकवाला, मुदतीबद्दल मात्र एक लक्षात ठेवा. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत ३ वर्षं आहे. तुम्ही कितीही स्मरणपत्रं पाठवली तरी ती वाढत नाही. मुदत संपायच्या आत त्यांनी सहीनिशी देणं मान्य केलं तर मात्र तिथून नव्याने मोजतात. म्हणून "आपले देयक प्रलंबित आहे, अनुदान प्राप्त होताच अदा करण्यात येईल" असं कंटाळवाणं उत्तर आलं तर टाकू नका, जपून ठेवा. वकिलांकडे गेलात तर सरकारविरुद्ध दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते, तेही लक्षात ठेवा.

टोनरवाली | ११ फेब्रुवारी

म्हणजे मी ट्रेडर असल्यामुळे मला ४५ दिवसांचं काहीच नाही? माझ्या उद्यम प्रमाणपत्रावर तर स्पष्ट सूक्ष्म लिहिलंय.

ताळेबंद | ११ फेब्रुवारी

प्रमाणपत्र खरं आहे, हक्क मात्र सगळे येत नाहीत. तुमचा प्रश्न जेमचा आहे, वेगळा धागा काढा. आधी माल मिळाल्याची नोंद कुणाच्या लॉगिनवरून व्हायची आहे ते बघा. बहुतेक वेळा तो माणूसच बदललेला असतो.

रॅकवाला | १२ फेब्रुवारी

दोन्ही पत्रं दिली. जिल्हा कार्यालयात आवक शाखेने आधी शिक्का द्यायला नकार दिला, "साहेबांना दाखवून या" म्हणाले. मी स्पीड पोस्टने पाठवतो म्हटल्यावर लगेच शिक्का मारला. संस्थेतल्या मॅडमनी माझ्यासमोर रॅक मोजले. वहीत २ नग चढवले, पण तारीख आजची घातली. ती चालेल का? आता ते मुदतीनंतर आल्यासारखं दिसतंय.

जुनी_फाईल | १२ फेब्रुवारी

वहीत मागची तारीख घालणार नाहीत, बरोबरच केलं त्यांनी. पण प्रमाणपत्रात दोन तारखा वेगळ्या यायला हव्यात : माल प्राप्त दि. ०७/१०/२०२४, नोंद दि. १२/०२/२०२५. नुसती नोंदीची तारीख गेली तर लेखा शाखा चार महिने उशिराचा विलंब दंड कापेल आणि तो परत मिळवताना तुमचा घाम निघेल. मॅडमना ७ ऑक्टोबरचं चलन दाखवा, जुन्या भांडारपालांची सही त्यांच्या ओळखीची असेल.

रॅकवाला | १९ फेब्रुवारी

प्रमाणपत्र ५० नगांचं निघालं, दोन्ही तारखांसह. जावक क्रमांक घेतला. जिल्हा कार्यालयात पोचल्याचंही लेखा शाखेने मान्य केलं. आता म्हणतात, "या लेखाशीर्षाखाली बीम्स या निधीवाटप प्रणालीवर निधी दिसत नाही, मागणी पाठवली आहे."

घाईत_गणपा | १९ फेब्रुवारी

झालं! आता तरी नोटीस?

जुनी_फाईल | १९ फेब्रुवारी

हे कारण खरं असू शकतं. बीम्सवर त्या लेखाशीर्षाला निधी नसेल तर प्राधिकारपत्र निघत नाही, आणि त्याशिवाय कोषागार बिल घेत नाही. पण तेही तोंडी घेऊ नका. दोन ओळींचं पत्र द्या : प्रमाणपत्र अमुक जावक क्रमांकाने आपणास प्राप्त आहे, देयकांत अन्य त्रुटी नाही असे समजतो, निधीची मागणी कोणत्या पत्राने व कोणत्या दिनांकास केली ते कळवावे. उत्तर आलं तर ताळेबंद म्हणतात ती देणं मान्य केल्याची चिठ्ठी तुमच्या हातात आली. नाही आलं तर माहिती अधिकारात त्याच मागणीपत्राची आणि तुमच्या बिलावरच्या टिपणीची प्रत मागा. "का दिले नाही" असं विचारू नका, ती माहिती होत नाही. कागदाचं नाव सांगून मागा. त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ताळेबंद | १९ फेब्रुवारी

आणि त्या दोन ओळींत २१ नोव्हेंबरचं माझं वाक्य आता तरी बसवा.

जुनी_फाईल | १९ फेब्रुवारी

बसवा. आता लेखा शाखेकडून काही अडलेलं नाही, वर निधी मागायला त्यांनाही ते वाक्य उपयोगी पडेल.

रॅकवाला | २० फेब्रुवारी

दिलं पत्र, शिक्का घेतला. जिल्हा कार्यालयाने वरच्या कार्यालयाला पाठवलेल्या मागणीत आमच्या बिलाची रक्कम आहे की नाही, ते कळलं की लिहितो.